सुटण्याआधीची वीस मिनिटं

समजा, आज महिन्याची १७ तारीख आहे. जीएसटीआर-३बी विवरणपत्र भरायची मुदत २० तारखेला संपते. एका लहान कारखान्याच्या हिशेब विभागात काम करणाऱ्या बाईंच्या टेबलावर संध्याकाळी साडेपाचला चार गोष्टी अर्धवट आहेत. खरेदीच्या नोंदी आणि पोर्टलवरचं जीएसटीआर-२बी यांचा ताळमेळ निम्माच झालाय. एका पुरवठादाराचं बिल २बीमध्ये दिसतच नाही. बँकेच्या स्टेटमेंटमधली एक रक्कम कुणाकडून आली ते कळत नाही. आणि दुपारी साहेब जाता जाता म्हणाले होते, "त्या ट्रान्सपोर्टवाल्याचं जरा बघा." सहाला बाई कॉम्प्युटर बंद करून निघतात. मग बसमध्ये ते बिल आठवतं, कुकर लावताना ती रक्कम आठवते, आणि दिवा मालवल्यावर साहेबांचं वाक्य.

अर्धवट काम डोक्यात का रेंगाळतं, यावर जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये काम झालं. ब्लुमा झायगार्निक या तरुण संशोधिकेने लोकांना कोडी, मातीकाम, मणी ओवणं अशी छोटी कामं दिली आणि त्यातली निम्मी मध्येच थांबवली. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार, थांबवलेली कामं लोकांना पूर्ण केलेल्या कामांच्या जवळजवळ दुप्पट आठवत होती. पुढे हा आठवणीचा फरक सगळ्यांनाच सापडला असं नाही. पण तिची सहकारी मारिया ओव्सियानकिना हिने दाखवलेली गोष्ट अधिक भक्कम ठरली: अर्धं सोडायला लावलेलं काम माणूस, कुणी सांगितलं नसतानाही, संधी मिळताच पुन्हा हातात घेतो.

यावरून उपाय सरळ वाटतो, की सगळं पुरं करूनच उठावं. ते शक्य नसतं, आणि सुदैवाने त्याची गरजही नसते. २०११ साली मासिकांपो आणि बाउमाइस्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोगमालिका प्रसिद्ध केली. मनात अपुरं काम घोळत असलेल्या लोकांना कादंबरीचा उतारा वाचायला दिला, तेव्हा त्यांचं लक्ष सारखं त्या कामाकडे जात होतं. पण ज्यांना आधी त्या कामाची नेमकी योजना लिहायला लावली होती, त्यांना हा त्रास जवळजवळ झाला नाही. काम दोघांचंही तितकंच बाकी होतं. मनाला काम पुरं झालेलंच हवं असतं असं नाही. ते कधी आणि कसं होणार हे ठरलं, तरी ते मागे लागणं सोडतं.

संध्याकाळच्या आवराआवरीचा सगळा पाया हाच आहे. ती वीस मिनिटं काम करायची नसतात, ठरवायची असतात. हिशेब विभागातल्या त्या बाईंची संध्याकाळ आता पुन्हा पाहू.

पाच चाळीसला फोनवर आठवण वाजते. त्या हातातलं काम थांबवतात, वही उघडतात आणि आधी उघडं राहिलेलं सगळं कागदावर काढतात: टेबलावरचं, मेलमधलं, व्हॉट्सॲपवरचं आणि नुसतं तोंडी सांगितलेलंही. मग एकेका ओळीपुढे पुढची कृती आणि तिची वेळ लिहितात. न दिसणाऱ्या बिलापुढे 'पुरवठादाराशी बोलणे' असं नाही, तर 'उद्या ११ वाजता त्यांच्या अकाउंटंटला फोन. हे बिल जीएसटीआर-१ मध्ये दाखवलं का, हे विचारणे' असं येतं. बँकेतल्या रकमेपुढे 'उद्या जेवणानंतर बँकेला यूटीआर नंबर पाठवून विचारणे'. साहेबांचं वाक्य सगळ्यांत अवघड, कारण त्यात काम काय हेच स्पष्ट नाही. त्याच्यापुढे एवढंच येतं: 'उद्या साहेब आल्यावर विचारणे: ट्रान्सपोर्टचा दर बघायचा, की थकलेलं बिल?' रात्री जो विषय सर्वांत जास्त छळतो, तो बहुधा असाच धूसर असतो. म्हणून त्याच्यासाठी उत्तर शोधत बसण्यापेक्षा विचारायचा प्रश्न लिहिलेला बरा.

राहिला ताळमेळ. तेच उद्याचं पहिलं काम. पण 'ताळमेळ पूर्ण करणे' असं लिहिलं, तर सकाळी पुन्हा सुरुवात शोधावी लागेल. म्हणून बाई लिहितात: 'सकाळी साडेनऊ: ताळमेळाची फाईल उघडून ओळ ८६ पासून पुढे, ८५ पर्यंत तपासलं, पिवळ्या ओळी म्हणजे रकमेत फरक.' ती फाईल त्या डेस्कटॉपवर समोर काढून ठेवतात. पहिलं काम निवडताना त्यांनी एक गोष्ट पाळली आहे: ते दुसऱ्या कुणावर अवलंबून नाही. पुरवठादाराचा फोन जास्त तातडीचा वाटेल, पण समोरचा माणूस अकराला येतो. मधला दीड तास मेल चाळण्यात जाईल.

शेवटी कॅल न्यूपोर्ट यांनी २०१६च्या 'डीप वर्क' पुस्तकात सुचवलेली एक गोष्ट. ते म्हणतात, दिवस मिटला असं ठरलेलं एक वाक्य रोज मोठ्याने म्हणावं. ऐकायला विचित्र वाटतं. पण नंतर काळजी डोकं वर काढते, तेव्हा वाक्य म्हटलंय म्हणजे यादी तपासलेली आहे, ही खात्री असते. ज्या दिवशी यादी पाहिली नाही त्या दिवशी वाक्य म्हणायचं नाही. नाहीतर त्याला काही किंमत उरत नाही.

हे बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. सर्वांत आधी आठवणीच्या वेळेत. ती बरोबर सहाला लावली, तर चपला घालता घालता बंद केली जाते; वीस मिनिटं आधीच हवी. नुसतं 'आवरा' असा मजकूर असेल, तर आठवड्याभरात नजर त्यावरून घसरायला लागते. त्याऐवजी प्रश्न लिहावेत: काय उघडं राहिलं? प्रत्येकाची पुढची कृती कधी? उद्या पहिलं काय, आणि कुठून? दुसरी गफलत मेलमध्ये होते. यादीसाठी मेल उघडायची आणि एक सोपं उत्तर पाठवून टाकायचं, मग दुसरं. वीस मिनिटांत यादी तशीच राहते. या वेळात उत्तर द्यायचंच नाही, हा नियम मला कडक ठेवावासा वाटतो.

आवरणं नीट झालं की नाही, हे दुसऱ्या दिवशी कळतं. सकाळी आल्यावर काय करायचं हे शोधायला मेल उघडावी लागली, तर पहिलं काम नीट लिहिलं नव्हतं. एकच गोष्ट रात्री पुन्हा पुन्हा येत असेल, तर ती यादीत नव्हती किंवा तिला वेळ दिलेली नव्हती.

याने काम कमी होत नाही. दोन माणसांचं काम एकावर टाकलं असेल, तर यादी रोज लांबत जाईल. ती लांबलेली यादी, तारखांसकट, साहेबांपुढे ठेवता येते, हा मात्र फायदा आहे. आणि साहेबांशी बिनसलंय, नोकरी टिकेल का, असल्या काळज्यांना पुढची कृती नेहमी सापडत नाही. त्या या वीस मिनिटांत मिटत नाहीत.

अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ५७ तरुणांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं निम्म्यांनी पुढच्या दिवसांतली कामं लिहिली, निम्म्यांनी पूर्ण केलेली. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. प्रयोग लहान आहे, लोक तरुण आणि निरोगी होते. तरीही आज संध्याकाळी सुटण्याच्या वीस मिनिटं आधीची रोजची आठवण फोनमध्ये लावा, तिच्यात वरचे तीन प्रश्न लिहा, आणि उद्याच्या पहिल्या कामापुढे कुठून सुरू करायचं तेही लिहून मगच उठा.