स्यूडोमोनासचा झोन का आक्रसला?

जयपूरमध्ये मे उजाडला की सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मीडिया बनवणाऱ्या माणसाचं काम अवघड होतं. दुपारनंतर आंधी येते आणि बंद खिडक्यांच्या फटींतूनही बारीक वाळू टेबलावर उतरते. त्याच दिवसांत बीसलपूर धरणाचं पाणी कमी दाबाने येऊ लागतं आणि टँकर सुरू होतात. टँकरचं पाणी बहुधा बोअरवेलचं असतं, म्हणजे जड, क्षारांनी भरलेलं. धूळ आणि पाणी या दोन्ही गोष्टी शेवटी पेट्री प्लेटमध्ये पोचतात. म्हणून आमच्याकडे कोणतीही बॅच दोन परीक्षा पास झाल्याशिवाय रुग्णाच्या नमुन्यासाठी वापरली जात नाही. तोवर तिच्यावर लाल चिठ्ठी असते आणि ती फ्रिजच्या वेगळ्या कप्प्यात राहते.

पहिली परीक्षा निर्जंतुकतेची, आमच्या बोलीत स्टेरिलिटी. ब्लड अगारचं उदाहरण घेते, कारण तिथेच सगळ्यात जास्त गडबड होते. बेसची पावडर पाण्यात विरघळवून 121 अंश सेल्सिअसला पंधरा मिनिटं ऑटोक्लेव्ह करतात. इथपर्यंत सगळं मरतं. मग फ्लास्क 45 ते 50 अंशांपर्यंत निववायचा आणि त्यात साधारण पाच टक्के मेंढीचं रक्त घालायचं. फ्लास्क जास्त गरम असेल तर रक्त करपून चॉकलेटी होतं, जास्त गार असेल तर अगार गुठळ्या धरतो. रक्त घातल्यावर पुन्हा ऑटोक्लेव्ह करता येत नाही. तिथून पुढे सगळी भिस्त हाताच्या स्वच्छतेवर आणि त्या खोलीतल्या हवेवर.

ओतून झाल्यावर बॅचमधल्या साधारण पाच टक्के प्लेट बाजूला काढतो. त्या रचलेल्या चळतीच्या वरून, मधून आणि खालून घ्यायच्या. फक्त वरच्या उचलल्या तर शेवटी ओतलेल्यांचीच तपासणी होते. त्यांच्यावर काहीही न लावता त्या 35 अंशांना 48 तास ठेवायच्या. 24 तासांनी एकदा बघायच्या, पण निकाल 48 तासांनीच लावायचा, कारण सावकाश वाढणारे जंतू पहिल्या दिवशी दिसत नाहीत. तपासलेल्या प्लेट नंतर टाकून द्यायच्या. त्यांवर काही उगवलं नसलं तरी दोन दिवस उबेत राहून त्या सुकलेल्या असतात.

काही उगवलंच, तर ते कुठे आणि कसं उगवलं हे बघायचं. ही माझी आवडती पायरी आहे, कारण प्लेट स्वतःच सांगते की चूक कुठे झाली. एकाच प्लेटवर, पृष्ठभागावर एक कोरडी, पसरट, राखाडी वसाहत असेल तर ती बहुतेक बॅसिलस, म्हणजे धुळीतला जंतू. ओतताना झाकण क्षणभर जास्त उघडं राहिलं. सगळ्या प्लेटमध्ये एकाच जातीच्या वसाहती असतील आणि त्या पृष्ठभागाऐवजी अगारच्या आत रुतलेल्या असतील, तर जंतू ओतण्याआधीच द्रवात होता. मग संशय रक्ताच्या बाटलीवर. रक्त न घातलेल्या मीडियातही असंच दिसलं, तर ऑटोक्लेव्हवर. ऑटोक्लेव्हसाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंची पट्टी ठेवतात. हे बीजाणू फार चिवट. ऑटोक्लेव्हमधून काढलेल्या पट्टीवर 55 ते 60 अंशांना वाढ दिसली, तर यंत्र हवं ते तापमान गाठत नाही किंवा तिथे हवं तेवढा वेळ टिकत नाही, हे नक्की.

पण काहीच न उगवणं ही अर्धी गोष्ट झाली. पूर्ण बिघडलेल्या मीडियावरही काही उगवत नाही. तेव्हा दुसरी परीक्षा: ज्याचं वागणं आधीपासून माहीत आहे असा जंतू त्या मीडियावर लावून बघायचा. हे संदर्भ जंतू, म्हणजे रेफरन्स स्ट्रेन, जगभर सारखेच असतात. अमेरिकेत 1925 मध्ये सुरू झालेल्या एटीसीसी या संग्रहाचे क्रमांक त्यांना चिकटलेले आहेत. आमचा रोजचा ई. कोलाय म्हणजे एटीसीसी 25922, ज्याच्या नावापुढे ‘सिएटल 1946’ असं लिहिलेलं असतं. स्यूडोमोनास म्हणजे एटीसीसी 27853. आपल्याकडे चंदीगढचा एमटीसीसी हा असाच संग्रह, आणि पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम, ज्याचा भर औद्योगिक जंतूंवर आहे.

हे जंतू गोठवून सुकवलेल्या पावडरीच्या कुपीत येतात. कुपी जागवून ग्लिसरॉलमध्ये उणे 70 अंशांना साठा करायचा, दर महिन्याला त्यातून नवा कामाचा साठा काढायचा, आणि दर आठवड्याला त्याची एक नवी पिढी. महिना संपला की ती ओळ फेकून पुन्हा गोठवलेल्या साठ्याकडे. एकाच प्लेटवरून दुसऱ्या प्लेटवर असं वर्षभर चालवलं तर जंतू बदलतो. स्यूडोमोनास 27853 वारंवार पुढे नेत राहिलं की इमिपेनेमसारख्या औषधांना जुमानेनासा होतो, आणि मग मोजपट्टीच खोटी झालेली असते.

आता एक प्रसंग. औषध-संवेदनशीलतेसाठी आम्ही म्युलर-हिंटन अगार वापरतो. 1966 मध्ये बाउअर, कर्बी, शेरिस आणि टर्क यांनी सिएटलमधून प्रसिद्ध केलेली डिस्कची पद्धत याच अगारवर चालते. जंतूंची ठरावीक गढूळपणाची लापशी प्लेटभर पसरायची, वर औषधाच्या कागदी चकत्या ठेवायच्या, 16 ते 18 तासांनी चकतीभोवती जंतू न उगवलेलं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. त्या वर्तुळाला झोन म्हणतात. रुग्णाला कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टर त्या आकड्यावरून ठरवतात, म्हणून दोन-तीन मिलिमीटरचा फरकही महत्त्वाचा.

आंधीच्या त्या दिवसांत एक नवी बॅच तपासायला लावली होती. सकाळी तंत्रज्ञ प्लेट घेऊन आला. “मॅडम, ई. कोलाय सब ठीक है, पर स्यूडोमोनास का जेंटा छोटा आया.” कॅलिपरने मोजलं: 15 मिलिमीटर. 27853 वर जेंटामायसिनच्या 10 मायक्रोग्रॅम चकतीचा झोन 17 ते 23 च्या दरम्यान हवा. ई. कोलायचा त्याच औषधाचा झोन 20 होता, म्हणजे 19 ते 26 या त्याच्या मर्यादेत. सिप्रोफ्लॉक्सासिनही व्यवस्थित.

एकदा आकडा बाहेर गेला म्हणून लगेच बॅच फेकायची नसते. मर्यादाच अशा आखलेल्या आहेत की सगळं ठीक असूनही वीस वेळांतून एखाद्या वेळी आकडा बाहेर पडू शकतो. त्यामुळे पुन्हा लावलं, या वेळी नव्या बॅचच्या तीन प्लेटवर आणि सोबत जुन्या, पास झालेल्या बॅचच्या एका प्लेटवर. जंतूची लापशी एकच, चकत्यांची कुपी एकच. दुसऱ्या सकाळी नव्या प्लेटवर 15, 16, 15, जुनीवर 19. इथे जंतू आणि चकत्या निर्दोष सुटल्या. दोष मीडियात.

मीडियात काय बिघडू शकतं? अगारचा थर 4 मिलिमीटरपेक्षा जाड झाला तर औषध खोलवर पसरतं आणि झोन लहान होतात, पण ते सगळ्याच औषधांचे. इथे तसं नव्हतं, आणि प्लेट कापून पट्टीने मोजलं तर थर बरोबर भरला. पीएच 7.2 च्या खाली गेला तर जेंटामायसिनची ताकद घटते. पण मग ई. कोलायवरही ते जाणवलं असतं, आणि टेट्रासायक्लिनचा झोन उलट वाढला असता. पीएच 7.3 निघाला. पावडर जुन्या बॅचच्याच डब्यातली. उरलं फक्त पाणी.

स्यूडोमोनास आणि जेंटामायसिन ही जोडी पाण्याचीच परीक्षा घेते, आणि त्याला कारण आहे. या जंतूच्या बाहेरच्या आवरणाचे रेणू कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या आधाराने एकमेकांना धरून असतात. जेंटामायसिन धन भाराचं. आत शिरायला त्याला आधी या दोघांना त्यांच्या जागेवरून हटवावं लागतं. माध्यमात त्यांचाच सुकाळ असेल तर औषधाला जागा मिळत नाही, जंतू वाचतो, झोन आक्रसतो. ई. कोलायवर हा परिणाम तितका उघड होत नाही. म्हणून फक्त ई. कोलाय लावून बॅच पास करणाऱ्या प्रयोगशाळेला हा बिघाड दिसलाच नसता.

डीआयोनायझरमधून येणाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता तपासली. आकडा नेहमीच्या कितीतरी पट होता. टँकरच्या जड पाण्याने रेझिन ठरलेल्या मुदतीच्या आधीच संपलं होतं, आणि रेझिन तर वापराच्या दिवसांवरून बदललं जात होतं, मीटरवरून नाही. काचेच्या ऊर्ध्वपातन यंत्रातलं पाणी घेऊन, त्याच डब्यातली पावडर लिटरला 38 ग्रॅम घालून नवी बॅच केली. झोन 19. आधीची बॅच ऑटोक्लेव्ह करून टाकून दिली. दरम्यान रुग्णांचे नमुने जुन्या प्लेटवर चालू होते, त्यामुळे एकाही अहवालावर त्याची सावली पडली नाही. रेझिनची तारीख काढून आता मीटरचा आकडा लिहिला जातो, दर बॅचच्या पानावर.

इथे एखादा जाणकार विचारेल की 2023 पासून अमेरिकेच्या सीएलएसआयच्या तक्त्यात स्यूडोमोनाससाठी जेंटामायसिनचा अर्थ लावायचे निकषच काढून टाकलेत, मग ही चकती कशाला? रुग्णाच्या अहवालात ती नकोच. पण माध्यमातले क्षार तपासायला तिच्याइतकी सोपी आणि स्वस्त खूण माझ्या माहितीत दुसरी नाही, म्हणून ती नियंत्रणात राहिली पाहिजे असं माझं ठाम मत आहे. आणि याच्या उलटा बिघाड जास्त घातक: क्षार कमी पडले तर झोन फुगतो, प्रतिरोधक जंतूही औषधाला बळी पडणारा वाटतो, आणि भाजलेल्या रुग्णाला टोब्रामायसिनसारखं याच कुळातलं, न चालणारं औषध सुरू होतं. लहान झोनने औषध नाकारलं जातं, मोठ्याने चुकीचं दिलं जातं.

या तपासणीची मर्यादाही मान्य करावी लागते. दोन-चार प्लेट अख्ख्या बॅचची साक्ष देतात. ओतताना टेबल तिरकं असलं आणि एखाद्या प्लेटमध्ये थर एका बाजूला पातळ राहिला, तर तो यातून सुटू शकतो. त्यावर उपाय टेबलाची पातळी तपासणं आणि वापरताना प्रत्येक प्लेट उजेडात धरून बघणं, एवढाच. तयार प्लेट विकत घेणाऱ्यांकडे कंपनीचं प्रमाणपत्र येतं, पण ट्रक जयपूरच्या उन्हात दुपारभर उभा राहिला होता का, हे त्यावर लिहिलेलं नसतं. विकत घेतलेल्या प्रत्येक खेपेलाही स्टेरिलिटी आणि निदान दोन स्ट्रेन लावाव्यात.

वाचकांना एक विनंती. घरातल्या कुणाच्या लघवीचा, रक्ताचा किंवा जखमेचा ‘कल्चर’ अहवाल हातात आला, तर प्रयोगशाळेला दोन प्रश्न जरूर विचारा: ही तपासणी एनएबीएलच्या मान्यतेत येते का, आणि त्या आठवड्याच्या माध्यमावर कोणते संदर्भ जंतू लावले होते. चांगली प्रयोगशाळा रागावणार नाही. ती वही उघडून दाखवेल.