नंबर ठरलेला, वेळ नाही

डिसेंबरातली रात्र. मुळेच्या कालव्यावरच्या एखाद्या चारीच्या दारापाशी एक शेतकरी घोंगडी पांघरून बसला आहे, शेजारी फावडं आणि बॅटरी. त्याचा एक एकर गहू एकवीस दिवसांचा झाला आहे. याच सुमारास गव्हाला मुकुटमुळे फुटतात. हे पाणी चुकलं तर फुटवे कमी पडतात आणि पुढे कितीही पाणी दिलं तरी ते भरून येत नाही. म्हणून तो उठून घरी जात नाही.

आपल्याकडे पाटपाणी शेजपाळीने मिळतं. शेतकऱ्याने सात नंबरचा अर्ज भरायचा, मंजुरी झाली की पाळीपत्रक लागतं आणि चारीच्या शेपटाकडून मुखाकडे एकेकाला पाणी येतं. या पत्रकात नंबर पक्का असतो, घटका मात्र नसते. पाणीपट्टी पीक आणि क्षेत्रावर असल्याने पुढच्या माणसाचं रान भिजेपर्यंत दार त्याचंच.

हिशेब सोपा आहे. एक क्युसेक पाणी तासाभरात एका एकरावर साधारण एक इंच उभं राहतं. एका पाण्याला तीन इंच धरले, तर एकराला तीन तास. आपल्या शेतकऱ्याच्या आधी दोघे होते. पहिल्याचे दोन एकर दुपारी दोनला सुरू होऊन रात्री आठला भिजले. दुसऱ्याचे दीड एकर, म्हणजे साडेबारापर्यंत आटपायला हवे होते. तेवढं धरून हा बाराला येऊन बसला.

एक वाजला तरी हाक नाही. त्याने बॅटरी चारीच्या भिंतीवर धरली. ओली रेघ वर होती आणि पाणी तिच्या वीतभर खाली. म्हणजे वरच्या अंगाला कुणीतरी दार उचललं होतं. दाराला आपण हात लावणं गुन्हा, म्हणून त्याने पाटकऱ्याला फोन केला. तो लागला नाही. पलीकडून शेजारी ओरडला, "दादा, अजून निम्मं रान कोरडंय!"

पाणी निम्म्यावर आलं की साडेचार तासांचे नऊ होतात. शिवाय बारीक धार वाटेतच जास्त मुरते आणि साऱ्याच्या टोकाला पोचत नाही. शेजाऱ्याने पाणी अडवलं नव्हतं, तोही चारीकडे बघतच उभा होता. पहाटे पाचनंतर दार याच्याकडे आलं. त्याच धारेवर त्याचा एकर भिजायला अकरा वाजणार होते.

ही रात्र वाचवायची तर पाणी मोजून द्यावं लागतं. 2005 च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना घनमापाने पाणी देण्याची वाट करून दिली. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या संस्थांनी वाटप स्वतःच्या हाती घेतलं. तुमच्या चारीवर संस्था असेल, तर पुढच्या आवर्तनाआधी दोन गोष्टी मागून घ्या: दारापाशी पाणी मोजायची पट्टी आणि पाळीपत्रकावर नावापुढे तास.