सहा-दहातून आठ-अठ्ठावन्न वजा होत नाहीत तेव्हा

महिना संपला की छोट्या कारखान्यांत, दवाखान्यांत आणि दुकानांच्या मागच्या खोलीत एक फाइल उघडली जाते. दाराशी बसवलेल्या, बोटाचा ठसा घेणाऱ्या हजेरी-यंत्रातून काढलेली. समजा, तिच्यात तीन रकाने आहेत: नाव, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ. पहिल्या कामगारासमोर B2 मध्ये `8:58AM` आहे आणि C2 मध्ये `6:10PM`. पगार तासावर आहे, म्हणून हिशेब बघणारा माणूस D2 मध्ये साधी वजाबाकी मांडतो:

```
=C2-B2
```

उत्तर येतं `#VALUE!`. वेळ तर समोर स्वच्छ दिसतेय, मग अडलं कुठे?

एक्सेलच्या पोटात वेळ नावाची वेगळी गोष्ट नसते. तिथे असतो आकडा. पूर्ण दिवस म्हणजे १, दुपारचे बारा म्हणजे ०.५, सकाळचे सहा म्हणजे ०.२५. आठ-अठ्ठावन्न म्हणजे मध्यरात्रीपासून ५३८ मिनिटं. दिवसाच्या १,४४० मिनिटांनी भागलं की ०.३७३६. सहा-दहा, म्हणजे संध्याकाळचे, १,०९० मिनिटं, म्हणजे ०.७५६९. या दोन आकड्यांची वजाबाकी होते. आपल्याला दिसणारे `8:58 AM` हे त्या आकड्यावर चढवलेलं कापड असतं. पण यंत्राच्या फाइलमधून आलेल्या `8:58AM` च्या खाली आकडा नाहीच. ती सहा अक्षरं आहेत, नावाच्या रकान्यातल्या अक्षरांसारखीच. ओळखायची सोपी खूण अशी, की मुद्दाम हलवलेलं नसेल तर आकडे घराच्या उजव्या कडेला टेकतात आणि मजकूर डाव्या. खात्रीच हवी असेल तर `=ISNUMBER(B2)` विचारावं. `FALSE` आलं की मजकूर.

आता जरा विचित्र भाग. मजकूर असला म्हणून वजाबाकी दर वेळी अडतेच असं नाही. घरात `8:58 AM` असेल, म्हणजे मिनिटं आणि AM यांच्यामध्ये एक जागा सोडलेली असेल, तर वजाबाकीचं चिन्ह दिसताच एक्सेल तो मजकूर स्वतःहून वेळ म्हणून वाचतो आणि बरोबर उत्तर देतो. ती एक जागा नसली की त्याला वाचता येत नाही. म्हणून एका शाखेची फाइल चालते, दुसरीची चालत नाही, आणि दोन्ही पडद्यावर जवळपास सारख्याच दिसतात.

जागा खाल्ली कुणी? बहुधा फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामने. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये तारीख-वेळेचा मजकूर करण्याच्या ठरावीक शैली आहेत. त्यांतल्या १०० क्रमांकाच्या शैलीत AM मिनिटांना चिकटून येतो. त्या मजकुराची शेवटची सात अक्षरं कापून घेतली की वेळ मिळते, ही प्रोग्रामरांची जुनी युक्ती. `10:05PM` ला सात अक्षरं बरोबर पुरतात. `8:58AM` सहाच अक्षरांचं, म्हणून त्याच्या पुढे एक रिकामी जागा चिकटून येते. काही फाइलींत सकाळच्या वेळा किंचित आत सरकलेल्या दिसतात, त्याचं हे कारण.

याच्या उलटही होतं: जागा दिसते, पण ती साधी नसते. वेबपानावरून उचललेल्या वेळांत पुष्कळदा न तुटणारी जागा असते. तिचा क्रमांक १६०, साधीचा ३२. २०२२ मध्ये तिसरीही आली. कोणत्या भाषेत तारीख-वेळ कशी लिहायची याचा जो सामायिक संग्रह बहुतेक सॉफ्टवेअर वापरतात, त्या सीएलडीआरच्या ४२व्या आवृत्तीत अमेरिकी इंग्रजी वेळेतली AM च्या आधीची साधी जागा बदलून ८२३९ क्रमांकाची अरुंद जागा घातली गेली. अक्षरजुळणीच्या दृष्टीने ती सुबक असेलही. पण या वेळा वाचणारे कितीतरी प्रोग्राम त्यामुळे अडखळले आणि क्रोम ब्राउझरला ती परत साधी करून घ्यावी लागली. घरात `8:58 AM` दिसत असूनही वजाबाकी अडली, तर पाचवं अक्षर तपासावं:

```
=UNICODE(MID(B2,5,1))
```

३२ आलं तर जागा साधी. १६० किंवा ८२३९ आलं तर चोर सापडला. `TRIM` हे सूत्र या दोघांना हात लावत नाही, ते फक्त साध्या जागा काढतं. `TRIM` करूनही काही होत नाही म्हणून वैतागणारे लोक बहुधा इथेच अडकलेले असतात.

आणि तरीही `#VALUE!` आला, तर मी त्याला सुदैव म्हणेन. निदान ओरडतो तरी. जास्त नुकसान करतात त्या गप्प बसणाऱ्या चुका. तासांचा रकाना मजकुराचा असेल तर `SUM` तक्रार करत नाही, मजकूर वगळून बेरीज करतो आणि शून्य दाखवतो. शून्य निदान डोळ्यांत भरतं. पण रकान्यातले निम्मे तास आकडे आणि निम्मे मजकूर असतील, तर बेरीज पटण्यासारखीच दिसते. उशिराची नोंद काढायला असं सूत्र लिहिलं तर आणखी गंमत:

```
=IF(B2>TIME(9,30,0),"उशीर","वेळेत")
```

तुलना करताना एक्सेल कोणताही मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा धरतो. त्यामुळे आठ-अठ्ठावन्नला आलेला माणूसही उशिरा आलेला ठरतो, आणि त्याच्यासोबत सगळा कारखाना.

दुरुस्तीचा पहिला मोह असतो AM, PM पुसून टाकण्याचा. `Ctrl+H` दाबायचं, दोन्ही अक्षरजोड्या काढायच्या, आणि उरलेलं `8:58` नि `6:10` एक्सेल लगेच वेळ म्हणून ओळखतो. फक्त संध्याकाळचे सहा-दहा आता सकाळचे सहा-दहा झालेले असतात. दुसरा मोह, PM दिसला की तासांत बारा मिळवण्याचा. सहाचे अठरा होतात, ठीक. पण जेवायला `12:40PM` ला बाहेर पडलेल्या माणसाचे चोवीस-चाळीस होतात, आणि तो सव्वा वाजता परतला तर पस्तीस मिनिटांच्या सुट्टीऐवजी उणे अकरा तास पंचवीस मिनिटं हाती येतात. बाराचा तास हा बारा तासांच्या घड्याळातला खरा खड्डा: `12:40PM` मध्ये काही मिळवायचं नसतं, आणि `12:10AM` मधून उलट बारा वजा करायचे असतात. ही कसरत आपण न करता एक्सेललाच करू द्यावी. `TIMEVALUE` या सूत्राला बाराचे नियम ठाऊक आहेत. त्याला फक्त वाचता येईल असा मजकूर द्यायचा.

एकदाचंच काम असेल तर झटपट वाट आहे: `AM` शोधून त्याजागी ` AM`, म्हणजे आधी जागा सोडून, घालायचं, तसंच PM चं. बदललेलं घर एक्सेल नव्याने वाचतो आणि वेळेत रूपांतर होतं. मात्र आधी घरांचा प्रकार `Text` नाही ना ते पाहावं, आणि फक्त वेळांचे रकाने निवडावेत. नाहीतर नावांच्या रकान्यात `RAMESH` चा `R AMESH` होतो आणि `SHYAM` चा `SHY AM`.

दर महिन्याचं काम असेल तर मूळ रकान्यांना हात न लावता शेजारी दोन मदतीचे रकाने घ्यावेत. पहिल्यात, समजा F2 मध्ये, तिन्ही प्रकारच्या जागा काढून सगळं मोठ्या लिपीत आणायचं:

```
=UPPER(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2,
 CHAR(160),""),UNICHAR(8239),"")," ",""))
```

आता मूळ मजकूर कसाही असो, F2 मध्ये `8:58AM` असंच उरतं. मग G2 मध्ये शेवटची दोन अक्षरं वेगळी करून मध्ये एक साधी जागा घालायची:

```
=TIMEVALUE(LEFT(F2,LEN(F2)-2)&" "&RIGHT(F2,2))
```

G2 मध्ये ०.३७३६ दिसेल, घाबरायचं नाही, घराचा प्रकार `h:mm AM/PM` केला की वेळ दिसते. बाहेर जाण्याच्या वेळेसाठी हेच H2 आणि I2 मध्ये. एक मर्यादा लक्षात ठेवायची: यंत्र `8:58 a.m.` असं टिंबं देऊन लिहीत असेल, तर पहिल्या सूत्रात टिंबं काढणारा आणखी एक `SUBSTITUTE` लागेल.

आता वजाबाकी. दिवसपाळीला `=I2-G2` पुरे. रात्रपाळीचा माणूस `10:04PM` ला येतो आणि `6:31AM` ला जातो. त्याचं उत्तर ऋण येतं आणि वेळेच्या घरात एक्सेल ऋण वेळ दाखवू शकत नसल्याने `#####` ची रांग उमटते. त्यावर उपाय:

```
=MOD(I2-G2,1)
```

ऋण उत्तरात हे सूत्र एक दिवस मिळवतं, आणि आठ तास सत्तावीस मिनिटं बरोबर निघतात. पण `MOD` सगळ्यांवर सरसकट लावू नये असं माझं मत आहे, कारण ते चुकाही पोटात घालतं. मघाशी AM, PM पुसलेला तो दिवसपाळीचा कामगार आठवा: सहा-दहातून आठ-अठ्ठावन्न गेले की उणे दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटं, `MOD` त्याचे एकवीस तास बारा मिनिटं करून मोकळं होतं. म्हणून निकालाच्या रकान्यात सोळा तासांहून मोठं काही दिसलं तर ती ओळ हाताने तपासावी. फाइलमध्ये वेळेसोबत तारीखही येत असेल तर `MOD` ची गरजच नाही, तारखेसकट वजाबाकी करावी. `TIMEVALUE` मात्र तारीख टाकून देतं, तेव्हा तिथे `VALUE` वापरायचं.

पगाराकडे येताना शेवटचा अडथळा. आपल्या कामगाराचे नऊ तास बारा मिनिटं भरले, पण घरातला आकडा आहे ०.३८३३, दिवसाचा अंश. ताशी ८० रुपयांनी तो थेट गुणला तर मजुरी तीस रुपये सदुसष्ट पैसे होते. आधी २४ ने गुणायचं: ९.२ तास, ७३६ रुपये. महिन्याच्या तासांची बेरीज करतानाही घराचा प्रकार `[h]:mm` ठेवावा. चौकटी कंसाशिवाय चोवीस तास झाले की एक्सेल पुन्हा शून्यापासून मोजून दाखवतो, आणि दोनशे तास काम केलेल्या माणसासमोर आठच तास दिसतात.

बोट लावायचं राहून गेलेल्या दिवशी घर रिकामं असतं आणि G2 मध्ये पुन्हा `#VALUE!` येतो. तो लपवायला `IFERROR(…,0)` लावण्याची पद्धत फार बोकाळली आहे. पत्रक नीटनेटकं दिसतं खरं, पण त्या माणसाचा अख्खा दिवस शून्य तासांचा होतो. त्यापेक्षा तो `#VALUE!` तसाच राहू द्यावा आणि सुपरवायझरला त्या दिवसाची वेळ विचारून B2 मध्ये हाताने भरावी, पण यंत्र लिहितं तशीच: आधी घराचा प्रकार `Text` करून, `8:58AM`. तसं न करता नुसती `8:58 AM` टाइप केली, तर एक्सेल तिचा लगेच आकडा करतो, आणि F2 मधलं सूत्र ०.३७३६ च्या शेपटीची दोन अक्षरं AM समजून तोडायला जातं.