रोज एक तास, चार आठवडे आणि हिशेबाचा पेपर

जेएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांची परीक्षा. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ती घेते. चार पेपरांपैकी बहुतेकांची झोप उडवतो तो हिशेब आणि वित्तीय व्यवस्थापनाचा. दोन तासांत शंभर प्रश्न, उत्तीर्ण व्हायला पन्नास गुण. सरकारी बँकेत ही परीक्षा पार पडली की वेतनवाढ मिळते, त्यामुळे पन्नाशीला टेकलेले लिपिकही तिला बसतात.

समजा, सांगलीतली एक लिपिक या पेपरची तयारी करते आहे. काउंटर, रोकड जुळवणी, घरचा स्वयंपाक असं सगळं आटोपून तिच्या हाती रात्रीचा नऊ ते दहा हा एकच तास उरतो. पुस्तक एकदा वाचून झालंय, परीक्षा चार आठवड्यांवर आली आहे. कागदावर तिच्याकडे अठ्ठावीस संध्याकाळी दिसतात. प्रत्यक्षात महिनाअखेर, पाहुणे आणि पोराचा ताप यांत काही जाणारच. म्हणून आठवड्याची एक संध्याकाळ वेळापत्रकात मुद्दाम कोरीच ठेवावी. बुडालेला अभ्यास त्या दिवशी भरून निघतो, आणि उरलेल्या चोवीस तासांवर योजना आखता येते.

हे चोवीस तास धड्यांवर सारखे वाटणं ही नेहमीची पद्धत. त्यात जे येतं तेच पुन्हा वाचलं जातं आणि अभ्यास झाल्याचं समाधान मिळतं. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी 2006 साली विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे 42 टक्के मजकूर आठवला आणि लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, हे पुस्तक उघडताना लक्षात ठेवलेलं बरं.

म्हणून पहिल्या दोन संध्याकाळी पुस्तक उघडायचंच नाही. जुना सराव प्रश्नसंच घ्यायचा आणि रोज पन्नास प्रश्न सोडवायचे. एका प्रश्नाला 72 सेकंद मिळतात, म्हणजे अर्धा पेपर बरोबर तासाभरात बसतो. त्यानंतर चुकलेल्या प्रश्नांसमोर कारण लिहायचं: माहीतच नव्हतं, पद्धत चुकीची निवडली, की आकडेमोड घसरली. या तीन चुकांवरचे उपाय वेगळे आहेत. पहिलीसाठी धडा वाचावा लागतो. तिसरीसाठी कॅल्क्युलेटरवर हात बसवावा लागतो. दुसरी सर्वांत फसवी, कारण सूत्र तोंडपाठ असूनही उत्तर चुकतं.

या दुसऱ्या चुकीचा नमुना पाहा. दरवर्षी हजार रुपये, तीन वर्षं, व्याजदर 10 टक्के. आजचं मूल्य किती? रक्कम वर्षाच्या शेवटी मिळत असेल तर 2,486.85 रुपये आणि सुरुवातीला मिळत असेल तर 2,735.54. फरक प्रश्नातल्या एका शब्दाचा. एकाच धड्याची दहा गणितं ओळीने सोडवली की तो शब्द वाचायची गरजच उरत नाही, कारण कोणतं सूत्र लावायचं हे धड्याच्या शीर्षकानेच सांगून टाकलेलं असतं. पेपरात शीर्षक नसतं.

दुसऱ्या आठवड्याअखेरपर्यंत कच्चे धडे एकेक करून घ्यावेत, तिसऱ्यापासून मात्र गणितं मिसळावीत: घसारा, मग कर्जाचा हप्ता, मग ताळेबंद, पुन्हा घसारा. वेग मंदावतो, चुका वाढतात आणि आपण मागे चाललो असं वाटतं. घाबरून पुन्हा एकेक धड्याकडे वळू नये. चुकांचा प्रकार बघावा. 'पद्धत चुकीची निवडली' हा शेरा दहा दिवसांत कमी झाला नाही, तरच योजनेत काही बिघडलंय.

रोजच्या तासाची मांडणी साधी असावी. पहिली दहा मिनिटं कालचं आणि गेल्या आठवड्यातलं एकेक प्रकरण वही बंद करून लिहायचं. दिवसभर दमलेलं डोकं वाचायला बसलं की पेंगतं. लिहायला लागलं की निदान जागं राहतं. मग चाळीस मिनिटं गणितं. शेवटची दहा मिनिटं चुकांच्या वहीसाठी. ही दहा मिनिटं सर्वांत आधी कापली जातात, आणि चौथ्या आठवड्यात तीच सर्वांत महाग पडतात, कारण तेव्हा वाचायला ती वहीच हाताशी लागते.

चौथ्या आठवड्यात नवा धडा घेऊ नये. पन्नास-पन्नास प्रश्नांचे अर्धे पेपर घड्याळ लावून सोडवावेत. सलग दोन तास बसायची सवय यातून लागत नाही, ही एका तासाच्या अभ्यासाची खरी मर्यादा. एखाद्या रविवारी घरच्यांकडून जास्तीचा तास मागून पूर्ण पेपर एकदा सोडवावा. एखादा धडा अजूनही कोराच असेल, तर तो सोडून द्यावा. पन्नास गुणांच्या परीक्षेत ते परवडतं. मात्र त्या धड्याचे प्रश्नही पेपरात रिकामे ठेवू नयेत, कारण इथे चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.