द्राक्ष अडकलं, नोंद काय झाली?

पाळणाघराच्या अहवालाचा हा एक नमुना पाहा. दुपारी 4.10, खाऊची वेळ. दोन वर्षांच्या मुलाच्या घशात अख्खं द्राक्ष अडकलं. खोकला नाही, रडणं नाही. म्हणूनच इथे नुसतं ‘ठसका लागला’ लिहून भागत नाही. ठसक्यात मूल जोरात खोकतं, आवाज येतो.

ताईंनी त्याला पुढे वाकवून खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं 5 थापा मारल्या. द्राक्ष निघेना. मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेनं दाब दिले. तिसऱ्याला ते बाहेर पडलं. न दिसणारा घास बोटानं चाचपला नाही, तो आणखी आत सरकतो. दुसऱ्या ताईंनी तोवर 108 लावला होता.

4.14 ला आईला फोन: “मूल शुद्धीवर आहे, पण पोटावर दाब दिलाय, डॉक्टरांना आजच दाखवू या.”

द्राक्ष उभं चिरलेलं नव्हतं, हेही अहवालात स्पष्ट लिहिलं आहे.