नंबर येण्याआधी: अडखळणाऱ्या मुलाचं प्रकट वाचन आणि भाषण

रत्नागिरीत जुलै महिना लागला की शाळांमध्ये 1 ऑगस्टच्या भाषणांची तयारी सुरू होते. लोकमान्य टिळकांचा जन्म 23 जुलै 1856 रोजी याच गावात झाला, त्यामुळे इथल्या मुलांवर पुण्यतिथीला दोन शब्द बोलण्याची वेळ कधी ना कधी येतेच. वर्गात तेव्हा नवे धडे चालू असतात आणि प्रकट वाचनही रोज होत असतं. बोलताना अडखळणाऱ्या मुलासाठी शाळेच्या वर्षातले हे फार कठीण दिवस असतात.

तोतरेपणावरचा उपचार हे वाचातज्ज्ञाचं काम आहे. पण वाचनाचा नंबर कसा लावायचा, बोलायला किती वेळ द्यायचा आणि त्या वेळात बाकीच्या वर्गाने कसं वागायचं, हे शिक्षक ठरवतात. अडखळणं त्या दिवशी किती वाढेल, ते बरंचसं याच तीन गोष्टींवर अवलंबून असतं.

वाचताना काय होतं

अडखळणं तीन प्रकारचं असतं. कधी पहिलं अक्षर पुन्हा पुन्हा येतं, 'टि-टि-टिळक' असं. कधी आवाज ताणला जातो. आणि कधी तोंड उच्चारासाठी तयार होतं, पण आवाज फुटतच नाही. हा तिसरा प्रकार बाहेरून ओळखू येत नाही. शिक्षकांना वाटतं, मूल गप्प उभं आहे, धडा कुठे चाललाय त्याचं लक्ष नाही. नीट पाहिलं तर पापण्या मिटलेल्या, जबडा घट्ट झालेला किंवा हात मांडीवर आपटत असलेला दिसतो. अडकलेला शब्द ढकलून बाहेर काढण्याची ती धडपड असते.

यामागचं कारण मेंदू बोलण्याच्या हालचालींची वेळ कशी जुळवतो, त्याच्याशी जोडलेलं आहे. अनेक घरांत ते पिढ्यांमधून आलेलं दिसतं. भीतीने अडखळणं वाढतं, पण भीती हे त्याचं मूळ नव्हे. जीभही जड नसते. म्हणून वेखंड किंवा अक्कलकाढा मधात उगाळून जिभेला लावण्याचा घरगुती उपाय इथे कामाचा नाही. लहानपणी साधारण शंभरातली पाच मुलं काही काळ अडखळतात. त्यांतल्या बहुतेकांचं ते आपोआप थांबतं आणि मोठेपणी शंभरात एकाच्या आसपास माणसाला ते राहतं. चौथी-पाचवीनंतरही जे मूल अडखळतं, त्याचं 'वयाबरोबर जाईल' असं धरून चालू नये.

गप्पा मारताना अशी मुलं एक युक्ती वापरतात. 'टिळक' अडकणार असं जाणवलं की ती 'लोकमान्य' म्हणतात, किंवा वाक्यच फिरवतात. प्रकट वाचनात ही वाट बंद असते, कारण छापलेला शब्दच उच्चारावा लागतो. म्हणून मधल्या सुट्टीत ठीक बोलणारं मूल वाचताना कोसळतं, आणि मग शिक्षकांना ते नाटक वाटतं. ते नाटक नसतं. काही मुलांचं याच्या उलट असतं, त्यांना वाचन सोपं आणि उत्स्फूर्त बोलणं अवघड जातं. त्यामुळे अंदाज न बांधता मुलालाच विचारलेलं बरं.

अडखळणं की कच्चं वाचन?

हा घोळ फार वेळा होतो. वाचन कच्चं असलेलं मूल जोडाक्षरापाशी थांबतं, अक्षरं जुळवतं, चुकीचा शब्द बोलून पाहतं. अडखळणाऱ्या मुलाला शब्द पूर्ण ओळखू आलेला असतो. ते 'प'सारख्या साध्या अक्षरापाशी अडकेल आणि पुढचं जोडाक्षर सहज म्हणून जाईल.

खात्री करायची तर तोच उतारा मुलाला मनात वाचू द्यावा आणि त्यावर तीन-चार प्रश्नांची उत्तरं लिहायला सांगावी. मग तोच उतारा शिक्षकाने मुलाबरोबर एका आवाजात वाचावा. उत्तरं बरोबर असतील आणि सोबतीने वाचताना अडखळणं जवळजवळ नाहीसं होत असेल, तर अडचण वाचनाची नाही. हे ओळखणं निपुण भारतच्या चाचण्यांमुळे आणखी गरजेचं झालं आहे. तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान 60 शब्द, असं वाचनाचं उद्दिष्ट तिथे आहे. घड्याळ लावून घेतलेल्या अशा वाचनात उत्तम वाचणारं पण अडखळणारं मूल मागे पडल्यासारखं दिसतं आणि नको त्या उपचारात्मक वर्गात बसवलं जातं.

वाट पाहण्याचा जाच

बाकाबाकाने क्रमाने वाचन चाललं की अडखळणारं मूल पुढचे परिच्छेद मोजायला लागतं. आपल्या वाट्याला कोणता येणार हे शोधतं आणि त्यातला अवघड शब्द मनात घोळवत बसतं. मधला सगळा धडा त्याच्या कानावरून जातो. नंबर येतो तेव्हा ताण अगदी टोकाला पोचलेला असतो.

यावर उपाय साधा आहे. क्रम मोडायचा आणि कोण वाचणार ते मुलाशी आधी एकट्याने बोलून ठरवायचं. बहुतेक मुलांना पहिलाच नंबर बरा वाटतो, कारण वाट पाहावी लागत नाही. काहींना मध्येच, स्वतः हात वर करून वाचायला आवडतं. एखादी खूण ठरवता येते. पुस्तक उघडं असेल तर मला विचारा, मिटलेलं असेल तर आज नको. ही खूण रोज मिटलेल्या पुस्तकाचीच व्हायला लागली, तर मात्र पुन्हा बोलायला हवं.

आदल्या दिवशी परिच्छेद सांगून ठेवल्यानेही फरक पडतो. आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1937 मध्ये हे मांडलं, की एकच उतारा लागोपाठ वाचला तर दर वाचनाला अडखळणं कमी होत जातं. पुढच्या अभ्यासांतही साधारण पाचव्या वाचनापर्यंत ते सरासरी निम्म्यावर आलेलं दिसलं. जॉन्सन स्वतः तोतरे होते. लागोपाठ वाचनाच्या या सवयीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. तिचा परिणाम त्याच उताऱ्यापुरता असतो आणि काही तासांत ओसरू लागतो. म्हणून घरी रात्री केलेल्या वाचनापेक्षा सकाळी तासाच्या आधी एक-दोनदा वाचलेलं जास्त उपयोगी पडतं.

जोडीने वाचन

दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिसळून वाचलं की बहुतेक अडखळणारी मुलं सुरळीत वाचतात. वर्गात हे करायचं तर सगळ्या वर्गानेच जोड्यांनी वाचावं, एकट्या त्याच मुलाला जोडीदार देऊ नये. जोडीदार शांत वाचणारा हवा. दोघांनी एकदम श्वास घेऊन एकदम सुरुवात करायची, आणि एकाचा आवाज अडकला तरी दुसऱ्याने न थांबता त्याच गतीने पुढे जायचं. अडकलेला पुढच्या शब्दाला येऊन मिळतो.

काही आठवड्यांनी जोडीदाराने वाक्याच्या शेवटी आवाज बारीक करावा. सोबतीचा आवाज थांबला की अडखळणं परत येतं, हे आधीच मुलाला सांगून ठेवावं, नाही तर ते स्वतःला दोष देतं. जोडीने वाचल्याने तोतरेपणा बरा होत नाही. मुलाला स्वतःचा आवाज वर्गात ऐकण्याची सवय होते, आणि तेवढ्यासाठी ते करण्याजोगं आहे.

आवाज अडकतो त्या क्षणी

'हळू बोल', 'श्वास घे', 'घाबरू नकोस' हे सगळं मायेने म्हटलं जातं. मुलाला त्यातून एवढंच कळतं, की माझं अडखळणं सगळ्यांनी पाहिलं. त्याचा शब्द आपण पूर्ण केला, तर पुढच्या वेळी ते शब्द सुरूच करत नाही. शिक्षकांनी नजर तशीच ठेवून, चेहरा सैल ठेवून थांबावं. बोलून झालं की एक-दोन सेकंद जाऊ द्यावेत आणि ते काय म्हणालं त्यावर बोलावं, कसं म्हणालं त्यावर नव्हे. शिक्षकांनी स्वतःच बोलण्याची गती थोडी उतरवली तर त्याचा उपयोग सूचनेपेक्षा जास्त होतो.

नक्कल करणाऱ्या मुलाला भर वर्गात झापलं तर अडखळणारं मूलच आणखी उघडं पडतं. नक्कल करणाऱ्याला नंतर बाजूला घेऊन स्पष्ट सांगावं. वर्गात या विषयावर बोलायचं असेल तर त्या मुलाची आणि घरच्यांची संमती घेऊनच.

1 ऑगस्टचं भाषण: एक उदाहरण

समजा, सातवीतल्या मुलाला टिळकांवर दोन मिनिटं बोलायचं आहे. नाव बदलून चालणार नाही, म्हणजे 'बाळ गंगाधर टिळक' हे तीन अडकणारे शब्द समोर आहेतच. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो फक्त शिक्षकांसमोर बोलतो, हातात मुद्द्यांची चिठ्ठी घेऊन. मजकूर पाठ करून घेऊ नये. पाठ केलेल्या वाक्यात एक शब्द अडकला की पुढचं सगळं पुसलं जातं. दुसऱ्या आठवड्यात तो दोन मित्रांसमोर बोलतो, तिसऱ्यात पाच-सहा जणांच्या गटात. पायरी जमली नाही तर तीच पुन्हा घ्यायची. शेवटच्या आठवड्यात तो रिकाम्या वर्गात, जिथून बोलायचं तिथेच उभा राहून बोलतो.

त्या दिवशी त्याला सुरुवातीचा नंबर द्यावा आणि वेळेची घंटा वाजवू नये. दोन मिनिटांची चार झाली तर झाली. सुरुवातीलाच 'मी बोलताना अडखळतो, थोडं थांबा' असं त्याने स्वतः म्हटलं, तर लपवण्याचा ताण बराच उतरतो. हे वाक्य म्हणायचं की नाही, ते त्यानेच ठरवायचं. बाहुबलीला हिंदीत आवाज देणारे शरद केळकर यांनी आपल्या तोतरेपणाबद्दल जाहीरपणे सांगितलं आहे. ते उदाहरण मुलाला जरूर सांगावं, पण 'बघ, त्यांना जमलं' असा दबाव त्यातून आणू नये.

पूर्ण सूट देण्याने काय होतं

दयाळू शिक्षकांची एक चूक वारंवार दिसते. ते या मुलाला वाचायला सांगतच नाहीत. परिपाठात दिनविशेष नाही, धडा नाही, प्रश्न नाही. पहिले काही दिवस मुलाला सुटल्यासारखं वाटतं. मग टाळण्याची सवय वाढते आणि उत्तर येत असूनही ते 'माहीत नाही' म्हणायला लागतं, कारण ते दोन शब्द न अडकता निघतात. लेखी पेपर उत्तम आणि तोंडी उत्तरं शून्य, असं दिसलं तर हेच चाललं आहे असं समजावं. प्रकार, वेळ आणि श्रोते बदलावेत, पण वाचन आणि बोलणं काढून घेऊ नये.

गुण आणि पुढची मदत

दहावीच्या भाषा विषयांचे 20 गुण तोंडी परीक्षेचे असतात. 2018-19 मध्ये ते काढले होते, पुढच्या वर्षी परत आणले. ही परीक्षा शाळेतच होते, म्हणून इथे शिक्षकांना बरंच करता येतं. मुद्दे, शब्दांची निवड आणि समज यांना गुण द्यावेत. थांबणं आणि पुनरुक्ती यांचे गुण कापू नयेत. परीक्षा एकट्याने, बाकीची मुलं ऐकत नसताना घ्यावी.

दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे, पण त्याच्या व्याख्येत तोतरेपणाचं नाव नाही. त्यामुळे प्रमाणपत्राची वाट पाहत बसू नये. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना आणि शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मुलाबद्दल सांगावं. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून वाचा आणि श्रवणाच्या क्षेत्रात काम करते, तिथेही दाखवता येतं.

शिक्षकांना एक विनंती आहे. मुलाशी बोलून जे ठरलं, म्हणजे नंबर, खूण, वेळ आणि गुण कसे द्यायचे, ते एका कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या सहीने ठेवा. पुढच्या वर्षी वर्गशिक्षक बदलले की तो कागद त्यांच्या हाती द्या, म्हणजे त्या मुलाला जूनमध्ये सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावं लागणार नाही.