दोन हजार मुळं, दोन लाख पाती

मे २००८ मध्ये अॅमस्टरडॅमच्या ब्लेंडर फाउंडेशननं ‘बिग बक बनी’ नावाचा दहाएक मिनिटांचा अॅनिमेशनपट सर्वांसाठी खुला केला. एक गलेलठ्ठ, मऊ केसांचा ससा आणि त्याच्या भोवती हिरवंगार कुरण. गोष्ट साधीच, पण तिची निवड हेतुपूर्वक झाली होती. ब्लेंडर या मोफत त्रिमिती सॉफ्टवेअरमध्ये प्राण्यांची लव आणि गवत नीट उगवता यावं, हे या प्रकल्पाचं एक उघड उद्दिष्ट होतं. त्यासाठी घडवलेली हत्यारं त्याच महिन्यात आलेल्या २.४६ आवृत्तीतून सगळ्यांच्या हाती पडली. २०२३ च्या ३.५ आवृत्तीपासून ब्लेंडरमध्ये केसांची नवी, नोड्सवर चालणारी पद्धतही आली आहे. तरी जुनी ‘हेअर पार्टिकल’ पद्धत अजून तिथेच आहे, आणि गवताचा पहिला तुकडा उगवू पाहणारे बरेच जण आजही तिच्याकडेच वळतात.

समजा, दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद अशा अंगणात गवत उगवायचं आहे. सपाट पृष्ठभाग निवडायचा, Particle Properties मध्ये अधिकच्या चिन्हावर क्लिक करायचं आणि Emitter ऐवजी Hair निवडायचं. लगेच अंगणात बांबूचं बेट उभं राहतं! Hair Length चा मूळ आकडा चार मीटर असतो, त्याचा हा परिणाम. तिथे ०.०८ भरलं की आठ सेंटिमीटरची पाती मिळतात.

ही पाती आठ सेंटिमीटरची वाटतच नसतील, तर दोष बहुधा जमिनीचा असतो. दोन मीटरचा तुकडा ओढून दहा मीटरचा केला की ब्लेंडर आत कुठेतरी ‘पाचपट’ अशी नोंद ठेवतं आणि केसांच्या मापाचं गणित बिघडतं. एकाच दिशेनं ओढला असेल तर पाती वेडीवाकडी ताणलेली दिसतात. केस लावण्याआधीच Ctrl+A दाबून Scale निवडलं की ती नोंद पुसली जाते.

आता दाटपणा. Number मध्ये सुरुवातीला १००० असतात. शंभर चौरस मीटरला ते अगदीच विरळ दिसतात, म्हणून हा आकडा थेट दोन लाखांवर नेण्याचा मोह होतो. इथेच या पद्धतीची खरी हुशारी कामाला येते. Number २००० वर ठेवायचा आणि Children मध्ये Interpolated निवडायचं. हे दोन हजार केस म्हणजे पालक. त्यांच्या मधल्या जागेत, त्यांच्याच वळणानं वाढणारी ‘मुलं’ ब्लेंडर स्वतः भरतं. Render Amount शंभर असेल तर अंतिम चित्रात दोन लाख पाती येतात, म्हणजे चौरस मीटरला दोन हजार. काम चालू असताना पडद्यावर मात्र Display Amount प्रमाणे दहापटच दिसतात, त्यामुळे संगणक अडखळत नाही. विंचरायचे, कापायचे, वळवायचे ते फक्त पालक. Simple हा दुसरा पर्याय मुलांना एकेका पालकाभोवती गोळा करतो. त्यातून वेगवेगळी बेटं तयार होतात, सलग हिरवळ नाही.

अंगणातून पायवाट जात असेल तर तिथे गवत नको. Weight Paint मध्ये जमीन रंगवायची, तांबडी म्हणजे भरपूर आणि निळी म्हणजे काही नाही, आणि तो व्हर्टेक्स ग्रुप Density ला जोडायचा. पायवाट मोकळी होते. पण नवख्यांना इथे हमखास चकवा बसतो. पायवाटेवरचे केस नाहीसे झालेले नसतात, उरलेल्या जागेत सरकलेले असतात, कारण Number तेवढाच राहतो. एक तृतीयांश जमीन मोकळी केली आणि बाकीचं गवत अचानक दाट झालं, तर Number सुमारे १३३० वर आणावा लागतो. असाच दुसरा ग्रुप Length ला जोडला की वाटेच्या कडेला तुडवलेलं आखूड गवत आणि कुंपणापाशी माजलेलं गवत एकाच अंगणात दाखवता येतं.

एवढं करूनही गवत ब्रशच्या केसांसारखं दिसतं. खरं गवत झुबक्यांनी वाढतं, प्राण्याच्या लवेच्याही बटा होतात. त्यासाठी Clump आहे. शून्यावर प्रत्येक पातं सुटं असतं, तर एकवर सगळ्या मुलांची टोकं पालकाच्या टोकाशी एकवटतात. गवताला ०.३ च्या आसपासचा आकडा पुरतो. भिजलेल्या कुत्र्याची लव हवी असेल तर बरंच पुढे जावं लागतं. झुबके झाले की त्यांच्या मधून जमीन डोकावते. ती करडी-पांढरी असेल तर गवत टक्कल पडल्यासारखं दिसतं आणि माणूस उगाच संख्या वाढवत बसतो. खालच्या जमिनीला मातीचा किंवा गडद हिरवा रंग दिला की निम्म्या पात्यांतही भागतं. प्राण्याच्या कातडीलाही हेच लागू, तिचा रंग लवेच्या जवळचा हवा.

लवेच्या बाबतीत एक क्रम पाळावाच लागतो. Particle Edit मध्ये सशाची लव कंगव्यानं विंचरली, तोंडावरची आखूड केली, की त्यानंतर Number गोठतो. तो बदलायचा तर Delete Edit दाबावं लागतं आणि सगळी विंचरणी वाया जाते. म्हणून संख्या आधी ठरवायची, कंगवा नंतर हाती घ्यायचा.

राहिला रेंडरचा खर्च. तो फक्त केसांच्या संख्येवर ठरत नाही. Render मधला Steps हा आकडा दिसतो लहान, पण एकेक वाढवला की केसाचे तुकडे दुप्पट होतात. तीनवर प्रत्येक पात्याचे आठ तुकडे, म्हणजे आपल्या अंगणात सोळा लाख. पाचवर बत्तीस तुकडे आणि एकूण चौसष्ट लाख. आठ सेंटिमीटरच्या, जरासंच वाकणाऱ्या पात्याला तीन पुरेसे असतात. लांब, कुरळ्या केसांनाच जास्त लागतात. सायकल्स या रेंडर इंजिनात केसाच्या आकाराचे वेगवेगळे पर्याय आहेत. Rounded Ribbons स्वस्त पडतो. 3D Curves खराखुरा गोल केस काढतो, पण त्याची गरज कॅमेरा अगदी जवळ गेल्यावरच भासते.

जाडीही महाग पडू शकते. पातं चित्रातल्या एका पिक्सेलपेक्षा बारीक झालं की दूरचं गवत ठिपक्याठिपक्यांनी चमचमतं, आणि ते शांत करायला सँपल्स वाढवावे लागतात, म्हणजे वेळही वाढतो. दूरच्या पट्ट्यासाठी वेगळी पार्टिकल सिस्टीम करून तिथे कमी पण जाड पाती लावली तर चमचम बरीच कमी होते. प्रेक्षकाला फरक कळत नाही.

कुरण शंभर चौरस मीटरऐवजी टेकडीभर असेल, तर पात्यांचा हट्टच सोडलेला बरा. दहा-बारा पात्यांचे चार-पाच वेगवेगळे तुरे हातानं मॉडेल करायचे, ते एका कलेक्शनमध्ये ठेवायचे आणि Render As मध्ये Path ऐवजी Collection निवडायचं. हजारो तुरे दिसले तरी मेमरीत प्रत्येक तुऱ्याचा आकार एकदाच साठवला जातो, बाकीच्या ठिकाणी फक्त ‘हाच इथे’ अशी नोंद असते. पहिल्यांदा हे केल्यावर तुरे बहुतेक वेळा जमिनीवर आडवे पडलेले दिसतात. Advanced वर खूण करून Rotation मधला अक्ष बदलला, किंवा एडिट मोडमध्ये मूळ तुराच नव्वद अंशांनी फिरवला, की ते उभे राहतात. सशाच्या अंगावर मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे प्रत्येक केस त्वचेबरोबर वाकायला हवा, त्यामुळे ससा धावत असेल तर त्याचा खर्च टेकडीपेक्षाही जास्त होऊ शकतो.